दोन डॉक, एक टोळी अन् सकाळचे पाच तास

आज हरभऱ्याच्या तीन गाड्या होत्या, दोन दहाचाकी ३६० कट्ट्यांच्या आणि एक आयशर १८० कट्ट्यांची. कारंज्याजवळच्या आमच्या गोडाऊनला डॉक दोनच आणि हमालांची टोळी एकच, आठ जणांची. त्यात एप्रिल, म्हणून काम सकाळी ६ ते ११ आणि मग साडेचारनंतर. मधल्या वेळात टिनाखाली कोणाच्या पाठीवर कट्टा द्यायचा नाही, हे माझं पक्कं आहे, मग कोणी कितीही फोन करो.

दोन डॉक दिसले की सगळ्यांना वाटतं चार माणसं इकडे लावा चार तिकडे. ते मी करत नाही. पूर्ण टोळी एका दहाचाकीला लावली तर दीड तासात गाडी खाली होते, दोघं गाडीवरून कट्टा उचलून देतात, चौघं वाहतात, दोघं थप्पी लावतात. टोळी फोडली तर दोन्ही गाड्या तीन तासांनीच सुटतील, आणि न फोडता पहिली गाडी दीड तासात सुटते, दुसरी तीन तासांनी. दुसरीचं नुकसान काहीच नाही, पहिलीचा दीड तास वाचला आणि एक डॉकही लवकर मोकळा झाला. आणि आठाच्या जागी बारा लावले तरी फार फरक पडत नाही कारण गाडीवर उचलून देणारे दोघंच उभे राहू शकतात, बाकीचे खाली वाट पाहत राहतात.

मग दुसरा डॉक कशासाठी? तर तयारीसाठी. काटा करणं, परखी मारून नमुना काढणं, ओलावा बघणं, मग डॉकला लावून दोर सोडणं, ताडपत्री गुंडाळणं, फाळका खोलणं, यात एका गाडीमागे पंचवीस मिनिटं जातात आणि यात टोळीचं काहीच काम नसतं. आमची हमाली कट्ट्यावर आहे, बसून राहिलेल्या वेळेचे त्यांना पैसे मिळत नाहीत. तीन गाड्यांचं नुसतं खाली करणं पावणेचार तास, चहापाणी अर्धा तास, म्हणजे सव्वादहाला मोकळे. पण प्रत्येक गाडीची तयारी टोळीला बसवून केली तर सव्वा तास वाढतो आणि साडेअकरा वाजतात, म्हणजे शेवटचे कट्टे भर उन्हात. म्हणून रात्री येऊन थांबलेल्या गाडीची तयारी मी सहाच्या आधीच उरकतो आणि तिचे कट्टे उतरत असताना पुढची गाडी दुसऱ्या डॉकला खोलून ठेवतो. नमुना मात्र काट्यावरच, कारण डॉकला लावल्यावर माल ओला निघाला तर ती गाडी जागा अडवून बसते.

कोणती गाडी आधी, यावर मुकादमाशी रोज बोलणं होतं. तो म्हणतो, "भाऊ, मोठी आधी घ्या, पोरं ताजी आहेत तवर." मला आयशर आधी वाटते, ती पाऊण तासात सुटते, गावातलीच आहे, संध्याकाळी दुसरी खेप आणू शकते, आणि मोठीला थांबावं लागतं पाऊण तासच. पण जिचा ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून आलाय तिला मागे टाकणं मला जड जातं, म्हणून आज मोठीच आधी घेतली.

दुसरी दहाचाकी पुसदकडून येणार होती, ७ ते ८ ची वेळ दिलेली. मी ड्रायव्हरला "कधी येता" असं विचारतच नाही, "कुठं आहात" विचारतो, कारण "येऊनच राहिलो भाऊ" याचा अर्थ अर्धा तासही होतो आणि तीन तासही. साडेसहाला तो म्हणाला दिग्रस सोडलं, पण साडेसातला परत फोन लावला तर दारव्ह्याच्या अलीकडे टायर फुटून उभा. मग लगेच आयशर वर घेतली, ती नवाच्या आत सुटली, आणि उरलेल्या वेळात टोळीला मागच्या आठवड्याची कललेली थप्पी पलटी करायला दिली, तिचे पैसे वेगळे मिळतात, सकाळ रिकामी गेली नाही.

पुसदची गाडी पावणेअकराला आली. ड्रायव्हर म्हणे, "लावा ना साहेब, तासाभराचं तर काम." पण तिच्या थप्पीची जागा गोडाऊनच्या पार मागच्या भिंतीला होती, तिथवर कट्टा नेताना टोळीचा वेग बराच पडतो, दीड तासाचे सहज दोन होतात, म्हणजे तयारी धरून एक वाजून गेला असता. नाही म्हटलं. काटा, नमुना करून घेतला, डॉकला लावून ठेवली, ड्रायव्हरला जेवण सांगितलं. गाडी थांबून राहिल्याच्या पैशांवरून, म्हणजे हॉल्टिंगवरून ट्रान्सपोर्टवाल्याशी वाजलं, त्याला काट्याच्या पावतीवरची वेळ दाखवली, दिलेली वेळ चुकवून गाडी आली आहे, हॉल्टिंग कसलं मागता.

साडेचारला टोळी आली आणि पहिल्या मिनिटापासून कट्टे उतरायला लागले. उद्या चार गाड्या आहेत, त्यातली एक दुपारी १ ते ३ ची म्हणून सांगून राहिले, तिला आत्ताच फोन करून साडेचारची करून घेतो.