फुप्फुस शिरेतला एक बाण: स्कॅन केलेली आकृती पुन्हा काढतानाचा माझा अनुभव

हृदयाच्या उभ्या छेदाची एक एकरंगी आकृती मला पुन्हा काढायची होती. सरावपत्रिकेसाठी तिच्या दोन प्रती हव्या होत्या, एक नावांसह आणि दुसरी नावांच्या जागा रिकाम्या ठेवलेली. हाती होते ते एका जुन्या पाठ्यपुस्तकाचे ३०० डीपीआयवर स्कॅन केलेले पान. स्कॅन करणाऱ्याने ते करड्या छटांमध्ये न ठेवता निव्वळ काळ्या-पांढऱ्यात साठवले होते, आणि या एका निवडीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ‘हा ठिपका काळा की पांढरा’ हा निर्णय त्या यंत्राने एकदाच आणि कायमचा घेऊन टाकला होता, त्यामुळे पुढे जिथे जिथे मला शंका आली, तिथे पुरावाच शिल्लक नव्हता.

पहिल्या दिवशी इंकस्केप या रेखाचित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये `Path > Trace Bitmap` चालवून पाहिले. त्याचा उपयोग झाला नाही, कारण नेहमीच्या पद्धतीत हे साधन रेषेला रेषा मानत नाही, तर शाईच्या डागाची बाह्यरेखा काढते. रक्तवाहिनीची एक भिंत म्हणजे एक रेषा असायला हवी होती, पण मला शेकडो बिंदूंचा एक लांबट बंद आकार मिळाला. तिची जाडी बदलायची तर प्रत्येक कडा वेगळी सरकवावी लागली असती. शिवाय पुस्तकातल्या काही नामनिर्देशक रेषा नावाच्या शिरोरेषेच्या उंचीवरूनच निघत होत्या, त्यामुळे ‘महाधमनी’ हे नाव, त्याची रेषा आणि ती जिथे टेकते ती भिंत असे सगळे मिळून एकच आकार तयार झाला. तो तोडत बसण्यापेक्षा स्कॅन सर्वांत खालच्या थरात कुलूपबंद करून, त्याची अपारदर्शकता ४० टक्क्यांवर आणून, वरून हाताने रेषा ओढणे कितीतरी सोपे गेले. आकार, बाण, नामनिर्देशक रेषा आणि नावे यांचे चार वेगळे थर केले, म्हणजे रिकाम्या प्रतीसाठी फक्त शेवटचा थर लपवला की झाले.

काय घ्यायचे आणि काय सोडायचे, याचे बरेचसे निर्णय सहज झाले. मागच्या पानावरची अक्षरे झिरपून आलेली होती, ती सोडली. अशुद्ध रक्ताचा भाग पुस्तकात बारीक ठिपक्यांनी भरलेला होता. ते ठिपके एकेक करून काढण्यात अर्थ नव्हता, पण त्यांनी सांगितलेला फरक सोडून चालणार नव्हते, म्हणून त्या जागी सपाट फिकट करडा रंग भरला. डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयाच्या भिंतीपेक्षा स्पष्टपणे जाड दाखवलेली होती. डावे निलय साऱ्या शरीरात रक्त ढकलते आणि उजवे फक्त फुप्फुसांकडे, म्हणून ती जाडी हीच माहिती आहे आणि ती मोजून जशीच्या तशी ठेवली. निलयांच्या आतल्या पृष्ठभागावरच्या खडबडीतपणाच्या बारीक रेघांना मात्र पुस्तकात कुठेही नाव नव्हते, त्या वगळल्या.

एक सूचना इथेच नोंदवतो. ‘डावे’ आणि ‘उजवे’ ही नावे पाहणाऱ्याच्या नव्हे, तर ज्याचे हृदय आहे त्याच्या बाजूने दिलेली असतात, त्यामुळे ‘डावे अलिंद’ हे नाव कागदाच्या उजव्या बाजूला येते. रात्री उशिरा काम करताना मी ही ‘चूक’ दुरुस्त करायला निघालो होतो.

खरा अडथळा होता तो एकाच बाणाचा, आणि एकूण कामाच्या निम्म्याहून अधिक वेळ त्यानेच घेतला. कागदाच्या उजव्या बाजूला महाधमनीच्या कमानीखालून फुप्फुस धमनीची डावी शाखा बाहेर पडते, आणि तिच्या अगदी खाली डाव्या बाजूच्या दोन फुप्फुस शिरा डाव्या अलिंदात शिरतात. या वाहिन्या आकृतीत एकमेकींना जवळजवळ चिकटून काढलेल्या होत्या. धमनी आणि वरची शिरा यांच्यामधल्या पट्ट्यात एक आडवी रेघ होती, आणि तिच्या हृदयाकडच्या टोकाशी एक काळा गोळा होता. ती रेघ नामनिर्देशक रेषा होती की रक्ताची दिशा दाखवणारा बाण, आणि बाण असेल तर त्याचे टोक कोणत्या दिशेला होते, हे दिसत नव्हते.

मी आधी विषयाच्या ज्ञानावर विसंबलो. ही जागा फुप्फुस धमनीची दिसते, फुप्फुस धमनी रक्त हृदयाकडून फुप्फुसांकडे नेते, म्हणजे बाण बाहेरच्या दिशेनेच असला पाहिजे, असा विचार करून मी बाहेर जाणारा बाण काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सगळे बाण मोजताना लक्षात आले की धमनीच्या त्या शाखेत आता दोन बाण झाले आहेत आणि खालच्या शिरेत एक बाण असताना वरच्या शिरेत एकही नाही. तेव्हा माझ्या तर्कातली फट दिसली. धमनीत रक्त बाहेर जाते आणि शिरेतून आत येते, हे मला पक्के ठाऊक होते. पण ती रेघ धमनीत आहे की शिरेत, हेच मला ठाऊक नव्हते. धमनी आणि शिरा यांमधली भिंत स्कॅनमध्ये तुटून गेली होती, धमनीतले काही ठिपके त्या फटीतून खालपर्यंत पसरल्यासारखे दिसत होते, आणि मी त्या ठिपक्यांना भुलून तो सारा पट्टा धमनीचा मानला होता. अर्थ लावण्याआधी शाई वाचायला हवी होती.

म्हणून मी तो भाग इतका मोठा केला की प्रत्येक पिक्सेल वेगळा दिसू लागला, आणि रेघेच्या बाहेरच्या टोकापासून हृदयाकडे सरकत ठरावीक अंतराने तिची जाडी कागदावर उतरवली: ३, ३, ४, ११, १०, ८, ७, ५, ४, ३, आणि त्यापुढे अलिंदाची भिंत. मग तुलनेसाठी ज्या एका रेषेबद्दल शंका नव्हती, ती महाधमनीच्या नावाची रेषा मोजली. तिच्या टोकाशी ठिपका होता आणि तिथली जाडी ३, ५, ७, ७, ५, ३ अशी भरली. फरक सरळ होता. ठिपका असेल तर जाडी दोन्ही बाजूंनी सारखीच वाढते आणि सारखीच कमी होते. बाणाचे टोक त्रिकोणी असल्यामुळे त्याच्या पायाशी जाडी एकदम वाढते आणि अग्राकडे हळूहळू कमी होत जाते. माझ्या रेघेत जाडी ४ वरून थेट ११ वर गेली आणि मग हृदयाकडे टप्प्याटप्प्याने उतरली, म्हणजे ती बाणच होती आणि तिचे अग्र हृदयाकडे होते. ते अग्र अलिंदाच्या भिंतीला जाऊन चिकटल्यामुळे गोळ्यासारखे दिसत होते.

आत येणारा बाण शिरेतच असू शकतो, आणि तसे असेल तर रेघेच्या वरच्या बाजूला धमनी आणि शिरा यांना वेगळे करणारी भिंत असायला हवी. तिथे पाहिले तर खरोखरच एका ओळीत, थोड्या थोड्या अंतराने, पाच-सहा काळे तुकडे उभे होते. आधी मी त्यांना ठिपक्यांच्या छटेचा भाग समजलो होतो. छटेचे ठिपके मात्र तिरक्या जाळीत समान अंतराने बसतात, आणि हे तुकडे त्या जाळीत बसत नव्हते. छापलेली रेषा पाव मिलिमीटरची असेल तर ३०० डीपीआयवर तिच्या वाट्याला जेमतेम तीन पिक्सेल येतात. शाई जरा फिकी असली की काळ्या-पांढऱ्याच्या निवडीत त्यातले कितीतरी पांढऱ्यात जमा होतात आणि रेषेचे असे तुकडे उरतात. पुस्तकाची छापील प्रत असलेल्या एका सहकारी बाईंना विनंती केल्यावर त्यांनी नंतर त्या कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो पाठवला. त्यात भिंत अखंड होती आणि बाण आतच जात होता. तो फोटो पाहताना झालेले समाधान मोठे होते, पण त्याआधीच केवळ मोजून उत्तर हाती आले होते, याचा मला अधिक अभिमान वाटतो.

फोटो आधीच का मागवला नाही, असे कोणी विचारेल, तर तसेच करावे. शंकेची जागा सापडताच त्या तेवढ्याच भागाचा करड्या छटांतला स्कॅन मागून घ्यावा. सगळे पान पुन्हा मिळण्याची वाट पाहण्याची गरज नसते.

या प्रकारानंतर मी बाण काढण्याची पद्धत बदलली. आधी मी रेषा ओढून तिच्या टोकाशी वेगळा त्रिकोण चिकटवत होतो, आणि रेषा सरकवली की त्रिकोण मागे राहत होता. आता प्रत्येक बाणाची रेषा रक्त ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने ओढतो आणि टोक नेहमी शेवटच्या बिंदूला लावतो. `baan` या नावाने टोक आधी ठरवून ठेवले की फाइलच्या मजकुरात एक बाण असा दिसतो:

```
<path d="M 412 188 L 371 201" fill="none"
      stroke="black" marker-end="url(#baan)"/>
```

यात क्ष-निर्देशक ४१२ वरून ३७१ वर येतो, म्हणजे बाण कागदाच्या उजवीकडून डावीकडे, हृदयाच्या दिशेने जातो, हे आकृती न उघडताही वाचता येते. दिशा चुकली असेल तर `Path > Reverse` पुरते. नामनिर्देशक रेषांना मात्र टोक अजिबात लावायचे नाही, त्यांच्या शेवटी फक्त ठिपका ठेवायचा, असेही ठरवले. पुस्तकात एका नावाची रेषा बाणासारखी टोकदार होती, आणि रिकाम्या प्रतीत नाव नसताना तीच रेषा रक्ताचा प्रवाह समजली गेली असती. रेषांच्या टोकांबाबत मूळ आकृतीपासून मी एवढी एकच फारकत जाणूनबुजून घेतली आहे.

नावांविषयीची एक गोष्ट सांगायची राहिली. ‘अर्धचंद्राकृती झडपा’ या नावापासून स्कॅनमध्ये एकच रेषा निघून फुप्फुस धमनीच्या मुळाशी जात होती, आणि मीही एकच काढली होती. शेवटच्या तपासणीत ‘झडपा’ या शब्दातला काना नजरेत भरला. नाव अनेकवचनी होते, म्हणजे दुसरी रेषा महाधमनीच्या मुळाशी असलेल्या झडपेकडे गेली असणार. त्या वाटेवर शोधले तेव्हा करड्या भागाच्या कडेला तिचा तुटका माग सापडला, आणि शेवटचा ठिपकाही झडपेवर बरोबर होता.

उजव्या निलयाच्या भिंतीत, तळाच्या टोकाजवळ, एक आखूड तिरकी खूण आहे. तिची जाडी मोजून काही निष्पन्न झाले नाही, तिच्याजवळ कोणतेही नाव नाही आणि सहकारी बाईंच्या फोटोत तो भाग आलेला नाही. ती मी काढलेली नाही. फाइलच्या वर्णनात तिची जागा आणि ती का वगळली हे लिहून ठेवले आहे, म्हणजे ज्याच्या हाती छापील पान येईल त्याला ती पडताळून पाहता येईल.