फिफो सोडून वेटेड अ‍ॅव्हरेजवर जाताना ओपनिंग स्टॉकचं काय केलं: माझा अनुभव

भोसरीतल्या एका पार्टनरशिप फर्मचे हिशेब मी बघते. आमचा माल म्हणजे तांब्याची वाइंडिंग वायर. मोटार रिवाइंडिंगवाले, पंपवाले, छोटे ट्रान्सफॉर्मर करणारे असे आमचे ग्राहक. स्टॉकचं मूल्यांकन वर्षानुवर्षं फिफोने, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरून होत होतं. १ एप्रिल २०२४ पासून आम्ही ते वेटेड अ‍ॅव्हरेजवर, म्हणजे सगळ्या मालाच्या सरासरी दरावर आणलं.

कारण गोडाऊनमध्येच होतं. २२ गेजची वायर कुठल्याही लॉटची असली तरी वायर तीच. किरकोळ ग्राहकाला रीळ सोडून पाच-सात किलो काढून देतात, उरलेली दुसऱ्या रिळावर चढते, अर्धी रिळं परत येतात. कुठल्या लॉटची वायर गेली हे सांगायची सोयच नाही. फिफोला तसं सांगावं लागतही नाही, तो हिशेबापुरता धरलेला क्रम असतो. पण तांब्याचा भाव हलला की त्या क्रमामुळे चालू भावाच्या विक्रीसमोर जुन्या, स्वस्त लॉटची किंमत येते आणि एखाद्या महिन्याचा ग्रॉस प्रॉफिट उगाच फुगतो. मोठे साहेब तो बघून ग्राहकाला रेट द्यायचे. मला खटकत होतं ते हेच.

सीए मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "कारण लेखी देता येईल का?" आयसीडीएस-२ या इन्कम टॅक्सच्या मानकाप्रमाणे स्टॉकच्या मूल्यांकनाची पद्धत सबळ कारणाशिवाय बदलता येत नाही, आणि एएस-५ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे नव्या पद्धतीने हिशेबाचं चित्र अधिक योग्य दिसत असेल तरच बदल करायचा. भाव चढते असताना अ‍ॅव्हरेजने नफा कमी दिसतो, त्यामुळे टॅक्स वाचवायला बदल केला अशी शंका येणारच. म्हणून रिळं मिसळण्याची पद्धत आणि भावातली चढउतार लिहून दोन्ही पार्टनरच्या सह्या घेतल्या आणि तो कागद वर्षाच्या फाइलला लावला. बदल एका आयटमला नाही, सगळ्या गेजना एकदम लागू केला. यावर्षी हे, पुढच्या वर्षी ते, असं चालत नाही.

खरा गुंता ओपनिंग स्टॉकचा. एकाच आयटमवर दाखवते, आकडे सोयीसाठी गोल केलेत. २०२३-२४ च्या सुरुवातीला १०० किलो माल ७८० रुपयांनी होता. वर्षात ५०० किलो ८०० ने, मग २०० किलो ८३० ने आणि शेवटी २०० किलो ८६० ने आला. ३१ मार्चला शिल्लक ३०० किलो. फिफोने शिल्लक माल शेवटच्या लॉटचा, म्हणजे २०० किलो ८६० ने आणि १०० किलो ८३० ने. किंमत २,५५,०००. हाच आकडा ऑडिट झालेल्या ताळेबंदात होता.

आता त्याच वर्षाला अ‍ॅव्हरेज लावलं तर एकूण १,००० किलो, ८,१६,००० रुपये, दर ८१६. त्याने ३०० किलोचे २,४४,८०० होतात, १०,२०० ने कमी. मग १ एप्रिलची ओपनिंग कुठली धरायची?

आमच्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे. आयसीडीएस-२ मध्ये ओपनिंग स्टॉकची किंमत म्हणजे आदल्या वर्षाच्या क्लोजिंगची किंमत. त्यामुळे २,५५,००० ला हात लावायचा नाही. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांचं वेगळं आहे. तिथे बदल मागच्या तारखेपासून लावतात आणि १०,२०० सारखा फरक सुरुवातीच्या राखीव नफ्यात जातो. आमची फर्म त्यात बसत नाही.

आमच्याकडे जुळवायची होती ती ओपनिंगची मांडणी. दोन लॉटचे दोन दर पुसले आणि ३०० किलोचा एकच थर धरला, सरासरी ८५० चा. किंमत तीच. नव्या वर्षाची सरासरी इथून सुरू होते.

टॅलीत हे करताना जपावं लागतं. स्टॉक आयटमच्या मास्टरमध्ये `Costing method` ला `FIFO` च्या जागी `Avg. Cost` करणं क्षणाचं काम आहे, पण ते सेटिंग तारखेपासून लागत नाही, आयटमला लागतं. एकाच डेटात जुनी वर्षं असतील तर त्यांची क्लोजिंगही नव्या पद्धतीने मोजली जाते, आणि अकाउंट्स व इन्व्हेंटरी जोडलेली असली तर जुना ताळेबंद ऑडिटच्या प्रतीशी जुळत नाही. म्हणून आधी बॅकअप घेतला आणि त्याच्या प्रतीवर बदल करून पाहिला. मग १ एप्रिल २०२४ पासून वेगळी कंपनी केली आणि ओपनिंग ऑडिटच्या स्टॉक यादीवरून आयटमवार भरली. जुना डेटा फिफोवर, जसा होता तसाच ठेवला.

भरताना दर टाइप करायचा नाही. नग किंवा किलो टाकायचे, किंमत टाकायची आणि दर आपोआप येऊ द्यायचा. १७० किलोचे १,४६,३२५ असतील तर दर ८६०.७३५३ निघतो. तिथे ८६०.७४ लिहिला की ८० पैसे वाढतात. असे अनेक आयटम झाले की एकूण बेरीज ताळेबंदापासून सरकते आणि शोधत बसावं लागतं. सगळी ओपनिंग भरून झाली की बेरीज ऑडिटच्या आकड्याशी रुपयाला रुपया लागली पाहिजे, त्याआधी एकही बिल टाकू नये.

वर्षात त्या आयटमचे ४०० किलो ८९५ ने आणि ३०० किलो ९३० ने आले. ओपनिंग धरून १,००० किलो, ८,९२,००० रुपये, दर ८९२. मार्चअखेर शिल्लक २५० किलो, किंमत २,२३,०००. फिफोने हीच शिल्लक ९३० ने २,३२,५०० झाली असती. म्हणजे बदलामुळे या आयटमवर नफा ९,५०० ने कमी. हिशेबाच्या टिपेत अशा सगळ्या फरकांची बेरीज लिहावी लागते. आधीचे १०,२०० तिथे येत नाहीत, कारण ओपनिंग बदललीच नाही. हे दोन आकडे एकत्र होऊ नयेत म्हणून मी फिफोची तुलना वेगळ्या एक्सेल शीटवर ठेवली. टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टमध्येही मूल्यांकनाची पद्धत नवी लिहिली गेली.

चूक ओळखायची माझी खूण साधी आहे. सरासरी दर हा ओपनिंग आणि वर्षातल्या खरेदीच्या सर्वांत कमी व सर्वांत जास्त दरांच्या मधेच असला पाहिजे. आमच्या एका जाड गेजचा दर त्या पट्ट्याच्या वर गेला. शोधलं तर सप्लायरला परत पाठवलेल्या मालाच्या नोंदीत किलो होते, पण रक्कम कमी पडली होती. किलो वजा झाले, पैसे राहिले, म्हणून उरलेल्या मालाचा दर चढला. उलट, सप्लायरची रेट-डिफरन्सची क्रेडिट नोट आयटमला न जोडता नुसती लेजरला टाकली तर दर पट्ट्यातच राहतो आणि तरी चुकीचा असतो. अशा नोटा मी आता दर महिन्याला हाताने तपासते. वर्षअखेरीला सरासरी दर विक्रीचा खर्च वजा जाता मिळणाऱ्या बाजारातल्या किमतीशीही ताडून पाहायचा, जी कमी ती धरायची. हा नियम दोन्ही पद्धतींत सारखाच.

बँकेला आधी कळवलं, कारण कॅश क्रेडिटचं ड्रॉइंग पॉवर स्टॉक स्टेटमेंटवर ठरतं. एप्रिलच्या स्टेटमेंटसोबत पद्धत बदलल्याचं पत्र आणि ओपनिंगची आयटमवार यादी जोडली. यादीची बेरीज मार्चच्या स्टेटमेंटइतकीच होती, त्यामुळे बँकेकडून पुढे काही विचारणा आली नाही.