बकरी ईद आणि मोहरम यांची अदलाबदल

वर्ष संपत आलं की आमच्या डीटीपीच्या टेबलावर सुट्ट्यांच्या तक्त्यांची कामं येऊन पडतात. कारखाना, पतसंस्था, क्लास, सोसायटी, प्रत्येकाला भिंतीवर लावायला महिनावार तक्ता हवा असतो: तारीख, वार, सण. मूळ मजकूर सगळ्यांचा एकच असतो. राज्य शासन परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतं, ती समोर ठेवायची आणि महिन्यांत वाटायची. २०२५ च्या यादीत २४ नोंदी होत्या. शिवाय १ एप्रिलची सुट्टी होती, पण ती फक्त बँकांना, वार्षिक हिशेब बंद करण्यासाठी. तरी दरवर्षी कुणीतरी ती कारखान्याच्या तक्त्यात घालून पाठवतंच.

ज्या तक्त्यामुळे हे लिहितोय तो मुंबई आणि पुणे अशा दोन्ही ठिकाणी कचेऱ्या असलेल्या एका कंपनीचा. त्यांनी यादी टाइप करून, महिनावार लावून, वारासकट पाठवली होती. आम्ही फक्त चौकट आणि रंग करायचे. दिसायला फाइल निर्दोष होती: प्रत्येक तारखेपुढे वार, आणि कुठलीही तारीख कॅलेंडरात काढून बघितली तर वार बरोबर. चूक तरीही होती. जूनमध्ये ७ तारखेला मोहरम, जुलैत ६ तारखेला बकरी ईद आणि मे महिन्यात ९ तारखेला ईद-ए-मिलाद.

हे कसं घडलं ते उलगडून बघण्यासारखं आहे, कारण दर डिसेंबरात कुठे ना कुठे हेच घडत असतं. टाइप करणाऱ्याने तारखा आपल्या सवयीने लिहिल्या, आधी दिवस, मग महिना. त्या संगणकाची तारखेची मांडणी मात्र अमेरिकन होती, आधी महिना, मग दिवस. `26/01/2025` लिहिलं की एक्सेल २६ वा महिना शोधतं, तो सापडत नाही, म्हणून ती नोंद नुसता मजकूर म्हणून ठेवून देतं. `10/04/2025` लिहिलं की मात्र ते बिनतक्रार ४ ऑक्टोबर समजतं. म्हणजे दिवस १२ किंवा त्याहून लहान असलेली प्रत्येक तारीख गुपचूप उलटते. २४ पैकी अशा नोंदी १० होत्या. उरलेल्या १४ मजकूर म्हणून पडून राहिल्या आणि वाराचं सूत्र लावल्यावर त्यांच्यापुढे `#VALUE!` आलं. त्या माणसाने त्या १४ निमूटपणे पुन्हा टाइप करून दुरुस्त केल्या. ज्यांनी ओरड केली त्या सुधारल्या, ज्या गप्प राहिल्या त्या चुकीच्याच राहिल्या.

हे ओळखायची खूण पहिल्या क्षणी पडद्यावरच असते. एक्सेलमध्ये खरी तारीख रकान्याच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला. तारखांचा रकाना अर्धा इकडे, अर्धा तिकडे दिसला की पुढे जायचंच नाही. पण लोकांना रकाना आधी मधोमध करून सुबक करायची घाई असते, आणि त्यात ही खूण पुसली जाते.

दहा उलट्या तारखांपैकी आमच्यापर्यंत तीनच पोचल्या, याचं कारण मला जास्त बोचतं. महाराष्ट्र दिन ५ जानेवारीला आणि गांधी जयंती १० फेब्रुवारीला दिसल्यावर कुणीही थांबेल. दसरा गांधी जयंतीच्याच तारखेला होता, तोही तिच्याबरोबर दुरुस्त झाला. रामनवमी जूनमध्ये, महावीर जयंती ऑक्टोबरात, बुद्ध पौर्णिमा डिसेंबरात, गुरुनानक जयंती मे महिन्यात, हेही त्या कचेरीत कुणाच्या ना कुणाच्या लक्षात आलं आणि दुरुस्त झालं. उरल्या त्या तीनही मुस्लिम सणांच्या नोंदी. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने हे सण दरवर्षी मागे सरकतात, म्हणून ‘हा साधारण अमुक महिन्यात’ असा अंदाज डोक्यात बसत नाही, हे खरं. पण ज्यांच्या घरी हा सण होतो अशा एकाही सहकाऱ्याला यादी दाखवली गेली नव्हती, हेही तितकंच खरं. शिवाय ७ जून आणि ६ जुलै या उलटल्यावर एकमेकींचीच जागा घेतात. दोन्ही तारखा सुट्टीच्याच राहतात, नावं तेवढी बदलतात, त्यामुळे नुसत्या तारखा जुळवणाऱ्यालाही काही खटकत नाही.

अंदाज नसला तरी क्रम माहीत असेल तर चूक सापडते. बकरी ईद जिल्हेज या हिजरी महिन्याच्या १० तारखेला येते, मोहरमची सुट्टी त्याच्या पुढच्याच महिन्याच्या १० तारखेला. म्हणजे बकरी ईदनंतर २९-३० दिवसांनी मोहरम, आणि त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी ईद-ए-मिलाद. महिनाभराच्या अंतराने मोहरम आधी आणि बकरी ईद नंतर, असं होऊच शकत नाही.

पण हे ज्ञान प्रत्येक तक्ता करणाऱ्याकडे असावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही, आणि ठेवायची गरजही नाही. अधिसूचनेत तारखेशेजारी वार छापलेला असतो, तो त्यासाठीच वापरायचा. या कंपनीच्या माणसाने तो रकाना टाइपच केला नव्हता. ‘वार एक्सेल देतंच की,’ हे त्याचं उत्तर. एक्सेल देतं, पण चुकलेल्या तारखेचा वारही ते अगदी बरोबर काढून देतं. दोघं एकाच पोटातून आलेले, त्यांची एकमेकांविरुद्ध साक्ष काय उपयोगाची? छापील वार स्वतंत्रपणे उतरवून घेतला तरच तपासणी होते.

आमच्याकडे आता पद्धत अशी आहे. पहिल्या रकान्यात सणाचं नाव. दुसरा रकाना तारीख लिहिण्यापूर्वीच Text करून घ्यायचा आणि त्यात तारीख इंग्रजी अंकांत, `05/09/2025` अशी दोन-दोन-चार आकडी लिहायची. `E` रकान्यात अधिसूचनेतला वार हाताने. अधिसूचनेच्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर जोडाक्षरं फुटण्याची भीती असते, त्यामुळे २४ ओळी टाइप करणंच लवकर होतं. इंग्रजी तारखेशेजारी भारतीय सौर दिनांकही असतो, त्याकडे नजर घसरू द्यायची नाही. २०२५ च्या गुढीपाडव्यापुढे ९ चैत्र हा सौर दिनांक येतो, आणि तिथीची सवय असलेल्या मुद्रितशोधकाला ती रामनवमी वाटते. मग तारीख आणि वार बांधायचे:

```
C2: =DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2))
D2: =CHOOSE(WEEKDAY(C2),"रविवार","सोमवार","मंगळवार",
    "बुधवार","गुरुवार","शुक्रवार","शनिवार")
F2: =D2=E2
```

दिवस कुठला आणि महिना कुठला हे सूत्रच ठरवतं, त्यामुळे संगणकाच्या मांडणीचा प्रश्न उरत नाही. `F` रकान्यात `FALSE` आलं की थांबायचं. ‘गुरूवार’ असं दीर्घ लिहिलं किंवा शब्दामागे मोकळी जागा राहिली तरी `FALSE` येतं, ते खोटे इशारे समजून सोडायचे नाहीत, तिथेच नीट करायचे.

ही तपासणी त्या कंपनीच्या मूळ दहा उलट्या तारखांवर लावून बघितली. नऊ पकडल्या गेल्या. बकरी ईदला छापील वार शनिवार, आणि ६ जुलै निघाला रविवार. ईद-ए-मिलाद मात्र निसटली. ५ सप्टेंबर २०२५ ला शुक्रवार, आणि तिची उलटी, म्हणजे ९ मे, तीही शुक्रवारच. हा योगायोग नाही. ९ मे आणि ५ सप्टेंबर यांच्यात ११९ दिवस असतात, म्हणजे बरोबर १७ आठवडे, आणि ते दरवर्षी तितकेच असतात. ७ नोव्हेंबर आणि ११ जुलै यांचंही तसंच. अशा जोड्यांपुढे वाराची तपासणी आंधळी आहे.

म्हणून दुसरी तपासणी क्रमाची. अधिसूचनेतल्या नोंदी तारखेच्या ओघाने असतात, तेव्हा `=C3>=C2` हे सूत्र खालपर्यंत ओढायचं. २७ ऑगस्टच्या गणेश चतुर्थीखाली ९ मे आला की तिथे `FALSE` लागतं. अट इतकीच की हे महिनावार लावण्यापूर्वी, मूळ क्रमावर करायचं. एकदा तारखेनुसार लावून घेतलं की उलटी तारीखही आपल्या ‘योग्य’ जागी जाऊन बसते आणि क्रम बिनचूक दिसतो. कंपनीच्या फाइलमध्ये नेमकं हेच झालं होतं.

महिन्यांत वाटताना आणखी एक जागा फसवी असते. २४ नोंदी असल्या तरी तारखा २२ च होत्या, कारण १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दोन तारखांना दोन-दोन सुट्ट्या. तारखेवरून `XLOOKUP` ने नाव ओढलं तर ते पहिलं नाव घेऊन थांबतं, पारशी नववर्ष आणि दसरा गायब होतात. नावं जोडून घ्यायची:

```
=TEXTJOIN(" / ",TRUE,FILTER(A$2:A$25,C$2:C$25=G2))
```

`G` मध्ये प्रत्येक तारीख एकदाच. २२ पैकी चार तारखा रविवारी आणि एक शनिवारी होती. त्या कंपनीला शनिवार-रविवार सुट्टी असल्याने हाती पडणाऱ्या सुट्ट्या १७ च. हा आकडा तक्त्याखाली छापू नका, अशी त्यांची खास सूचना होती. महिन्याच्या नावाचे कप्पे एकत्र करणं हे अगदी शेवटचं काम, कारण एकदा ते जोडले की क्रमवारी लावता येत नाही. जूनपासूनचा काही भाग असा उतरला:

| महिना | तारीख | वार | सण |
|---|---|---|---|
| जून | ७ | शनिवार | बकरी ईद |
| जुलै | ६ | रविवार | मोहरम |
| ऑगस्ट | १५ | शुक्रवार | स्वातंत्र्य दिन / पारशी नववर्ष (शहेनशाही) |
| | २७ | बुधवार | गणेश चतुर्थी |
| सप्टेंबर | ५ | शुक्रवार | ईद-ए-मिलाद |
| ऑक्टोबर | २ | गुरुवार | महात्मा गांधी जयंती / दसरा |
| | २१ | मंगळवार | दिवाळी अमावस्या (लक्ष्मीपूजन) |
| | २२ | बुधवार | दिवाळी (बलिप्रतिपदा) |

तक्ता भिंतीवर गेला, आणि सप्टेंबरात ईद-ए-मिलादनेच पुन्हा काम काढलं. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आणि जुलूस लागोपाठ येऊ नयेत म्हणून शासनाने मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी ती सुट्टी सोमवार, ८ सप्टेंबरला नेली. बाकी जिल्ह्यांत ५ तारीखच कायम. एकाच तक्त्यातली एकच ओळ पुण्याच्या भिंतीवर बरोबर आणि मुंबईच्या भिंतीवर चूक. २०२४ मध्येही मुंबईची सुट्टी १६ वरून १८ सप्टेंबरला गेली होती, तेव्हा अंदाज यायला हवा, पण गिऱ्हाईक ‘लागू’ नावाचा पाचवा रकाना घ्यायला तयार नसतं, जागा जाते म्हणतं. शेवटी मुंबईच्या प्रतींवर चिकटवायला पट्ट्या छापून दिल्या.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरवर गेली आहे आणि ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या अखेरीस. निदान या ओळीला त्या वर्षी पट्टी लागू नये.