आप्पांच्या दुकानाचं एक पान

चोपड्याकडच्या एका बाजाराच्या गावी किराणा दुकान आहे, मालकाला सगळे आप्पा म्हणतात. काउंटरला बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, पण आप्पा त्यातला एकही रिपोर्ट उघडून बघत नाहीत, म्हणून त्यांच्या मुलाने मला सांगितलं की ताई, दर आठवड्याला आप्पांना वाचता येईल असं एकच पान करून द्या. मी जळगावला असली कामं करते, दोन दिवसात पान तयार केलं आणि एसटीने घेऊन गेले.

आप्पांनी चष्मा लावला, पान खालीवर केलं आणि म्हणाले, "हाई सगळं ठीक शे ताई, पण मना पैसा कोठे शे?"

पानावर आठवड्याची विक्री 2,10,000 आणि नफा 46,000 होता. म्हणजे जवळपास 22 टक्के. आप्पा म्हणाले किराण्यात एवढं सुटत नाही, आणि गल्ल्यात तर काहीच दिसत नाही. मला तिथेच समजायला हवं होतं, कारण साखर, तेल, डाळ विकणाऱ्या दुकानात 22 टक्के दिसले की आधी आकडा तपासायचा, खुश नाही व्हायचं.

मग मी आणि त्यांचा मुलगा काउंटरवरच बसलो. आयटमच्या यादीत खरेदी भावाचा कॉलम लावला तर शंभरावर आयटमला भाव शून्य. नवीन माल आला की घाईत विक्रीचा भाव टाकायचा नि खरेदीचा राहून जायचा. सॉफ्टवेअरच्या हिशोबात तो माल फुकट आलेला, म्हणून विकला की पूर्ण रक्कम नफ्यात. अशा मालाची त्या आठवड्याची विक्री होती 17,000, ती सगळीच नफ्यात बसलेली. ती काढली, 29,000 राहिले.

दुसरी चूक माझीच होती. विक्रीची रक्कम जीएसटीसकट होती आणि खरेदीचा भाव जीएसटी सोडून. 5 टक्केवाली एक वस्तू घ्या, गिऱ्हाईकाकडून 105 घेतले, त्यातले 5 सरकारचे. खरेदी 95 अधिक टॅक्स, तो टॅक्स आप्पांना वजा मिळतो. खरा नफा 5 रुपये, माझं पान दाखवत होतं 10, म्हणजे थेट दुप्पट. (जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतला, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के कर भरणारा दुकानदार असेल तर हिशोब वेगळा, त्याला वजावट मिळत नाही म्हणून खरेदी टॅक्ससकट धरावी लागते.) विक्रीतला टॅक्स साधारण 7,500 निघाला. उरले 21,500, बाकीच्या विक्रीवर साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. आप्पांनी मान हलवली, हा आकडा त्यांना ओळखीचा वाटला.

पण गल्ल्याचा प्रश्न तसाच होता, आणि त्याचं उत्तर माझ्या पानावर कुठेच नव्हतं. मी बिलं मोजली होती, पैसे नाही. बिल फाटलं की सॉफ्टवेअर विक्री धरतं, मग गिऱ्हाईक रोख देवो, यूपीआय करो की "मांडून ठेवा" म्हणून जावो. आठवड्यात नवीन उधारी दिलेली 38,000, जुनी वसूल 11,000. म्हणजे 27,000 बाहेर गेले, आणि नफा 21,500. कापूस विकल्याशिवाय शेतकऱ्याच्या हातात पैसा येत नाही, त्या दिवसांत नफा असून गल्ला कोरडा राहतो तो असा.

मी हे आकडे कागदावर पेनाने लिहून दाखवले. आप्पा बराच वेळ 27,000 वर बोट ठेवून बसले होते, काही बोललेच नाहीत.

पानाचा बराचसा भाग मी मग फेकून दिला. बाजारचा दिवस बुधवार, म्हणून आठवडा गुरुवार ते बुधवार केला, म्हणजे बाजाराची पूर्ण विक्री एका पानावर येते. तुलना मागच्या आठवड्याशी करायची नाही हेही ठरवलं. कानबाईच्या आठवड्यात गहू, चणाडाळ, गूळ धडाधड जातो आणि पुढच्या आठवड्याला पान "विक्री घसरली" म्हणून ओरडतं, आप्पा उगाच घाबरतात. आता मागचे 8 आठवडे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोन आकड्यांची सरासरी धरते, त्यात एखादा सणाचा आठवडा आला तरी फारसा फरक पडत नाही. ज्या मालाला खरेदी भाव नाही तो नफ्यात धरतच नाही, "इतक्या रुपयांच्या विक्रीचा हिशोब नाही" अशी वेगळी ओळ टाकते. ही ओळ लपवली तर बाकीच्या पानावर विश्वास ठेवायला नको.

साठ्याचा आकडा मात्र मी अजून टाकलेला नाही. बऱ्याच आयटमचा साठा उणे दिसतो, म्हणजे खरेदीची बिलं चढवायची राहिलीत, आणि तसा आकडा छापून आप्पांना दाखवणं मला पटत नाही. त्याऐवजी खाली पाच आयटमची नावं येतात, मुलगा गुरुवारी तेवढेच हाताने मोजतो.

निघताना आप्पांनी तो पेनाचा कागद घडी करून वहीत ठेवला आणि म्हणाले, "पुढला आठवडाले उधारीना आकडा सगळासना वर टाक." तसं केलंय, आता पानाची पहिली ओळ विक्रीची नसते, उधारीची असते, नि अक्षर आप्पांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं.