सावलीने बांधलेला दगडी पट्टा

आमच्या वास्तुरचना कार्यालयात पुण्यातील एका जुन्या दुमजली घराच्या दुरुस्तीचे काम आले होते. पोपडे धरलेल्या गिलाव्याऐवजी दर्शनी भिंत काळ्या दगडाची दिसली तर घर कसे वाटेल, हे मालकांना पाहायचे होते. मात्र खिडक्या, सज्जा आणि दरवाजा जागचे हलू नयेत, अशी त्यांची अट होती. म्हणून वर्णनावरून चित्र तयार करणाऱ्या स्टेबल डिफ्यूजन या एआय मॉडेलला मी कंट्रोलनेटची, म्हणजे चित्राची रचना दिलेल्या नकाशाला बांधून ठेवणाऱ्या जोड-मॉडेलची, साथ दिली आणि त्यासाठी छायाचित्रातून कडांचा नकाशा काढला.

```
kada = cv2.Canny(gray, 100, 200)
```

कॅनी नावाच्या या पद्धतीत दोन मर्यादा द्याव्या लागतात, इथे 100 आणि 200. उजेड-अंधाराचा फरक वरच्या मर्यादेहून तीव्र असेल तिथे कड पक्की धरली जाते, खालच्या मर्यादेहून कमी असेल तिथे सोडून दिली जाते आणि मधली कड पक्क्या कडेला जोडलेली असेल तरच राहते.

तयार झालेले चित्र पाहून मालकांनी विचारले, "ही तिरकी दगडी पट्टी तुम्ही सुचवली आहे का? आणि आमचा दरवाजा कुठे गेला?" मी तासभर वर्णनाचे शब्द बदलत बसलो, तरी पट्टी हटेना. शेवटी नकाशा मूळ छायाचित्रावर ठेवून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. शेजारच्या इमारतीच्या सावलीची धार भिंतीवर तिरकी पडली होती आणि तीच ठळक कड म्हणून नोंदली गेली होती. उलट, सज्ज्याखालच्या दाट सावलीत गडद लाकडी चौकट भिंतीपासून वेगळी दिसतच नव्हती, त्यामुळे तिथला नकाशा कोरा होता आणि त्या कोऱ्या जागी सरळ दगडी भिंत उभी राहिली होती.

दोन्ही मर्यादा 30 आणि 80 वर आणल्या, तेव्हा दरवाजा दिसू लागला. पण भिंतीवरचे पोपडेही रेषा होऊन उमटले, म्हणजे जे झाकायचे तेच पक्के झाले. म्हणून सज्ज्याखालचा तुकडा या नकाशातून आणि उरलेला भाग पहिल्या नकाशातून घेऊन मी ते जोडले आणि सावलीची रेषा काळ्या ब्रशने पुसली. खरे तर ढगाळ दिवशी पुन्हा छायाचित्र काढणे अधिक सोपे झाले असते.

आता भिंत मात्र गुळगुळीतच राहिली, कारण कंट्रोलनेटच्या नियंत्रणाचा जोर 1 असताना नकाशातील कोरी जागा "इथे रेषा नको" असेच सांगते. जोर 0.7 केल्यावर दगडांचे सांधे उमटले. पुन्हा नकाशा वर ठेवून पाहिला, तर खिडक्या आणि दरवाजा जागेवर होते, पण एका खिडकीतील सातपैकी सहाच गज उरले होते. इतक्या बारीक रेषा लहान प्रतिमेत टिकत नाहीत. गजांची संख्या घराच्या मोजमापाच्या आराखड्यावरूनच घ्यावी, अशी नोंद मी चित्राखाली करून ते मालकांना पाठवले.