भिंतीवरच्या चार्टला फोटो पाहून गुण देताना

आमच्या केंद्रातल्या शाळांनी आठवीच्या मुलांकडून ‘गोदावरी आणि मराठवाड्यातली धरणं’ या विषयावर चार्ट करून घेतले. एका शाळेचे चार्ट दुसऱ्या शाळेनं तपासायचे, म्हणजे आपल्याच पोरांना झुकतं माप जाणार नाही, असं केंद्रप्रमुखांनी ठरवलं. भिंतीवरून काढले की चार्टचे कोपरे फाटतात, म्हणून ते तिथंच ठेवून फोटो पाठवायचे. निकष चार : अचूकता, नावं देणं, नीटनेटकेपणा, स्वनिर्मिती. प्रत्येकाला 5, एकूण 20.

ही सारखी वाटणी मला पटली नाही. अक्षर देखणं आणि रंगकाम सुबक असलं की नदी कुठंही वाहू दे, निम्मे गुण खिशात. बैठकीत थोडी घासाघीस झाली आणि अचूकतेला 8, नावांना 5, नीटनेटकेपणाला 3, स्वनिर्मितीला 4 असं ठरलं.

मग फोटो आले. बहुतेक खालून वर मोबाईल धरून काढलेले, त्यामुळं चार्टची वरची बाजू अरुंद आणि सगळ्या ओळी तिरक्या. दोन चार्टवर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका पैठणवर. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आक्रसतो. मोठा करून बघावं तर नावांच्या जागी नुसती पुसट रांग. असल्या फोटोवरून नीटनेटकेपणाचे गुण दिले तर ते फोटो काढणाऱ्या सरांना मिळणार, मुलांना नाही. मी त्या शाळेच्या सरांना फोन करून सांगितलं, “सर, फ्लॅश बंद ठेवा, सकाळच्या उजेडात काढा. मोबाईल चार्टच्या मध्याच्या उंचीवर सरळ धरा. एक फोटो अख्ख्या चार्टचा, दोन जवळून डाव्या-उजव्या अर्ध्याचे. शेजारी 15 सेंटिमीटरची पट्टी चिकटवा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” ते म्हणाले, “मॅडम, एवढं तर आम्ही लग्नाचे फोटो काढताना बी करत नाही.” पण दुसऱ्या दिवशी पाठवले, आणि चांगले पाठवले.

तपासताना एक चार्ट घेऊन त्याचे चारही निकष उरकायचे नाहीत, हे मी कटाक्षानं पाळते. आधी सगळ्या चार्टची अचूकता, मग सगळ्यांची नावं, असं. नाहीतर सुंदर चार्टच्या चुका डोळा माफ करून टाकतो. अचूकतेसाठी आठ मुद्द्यांची उत्तरसूची आधीच लिहून ठेवली होती : उगम त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीला, प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडं, जायकवाडी गोदावरीवर पैठणला, माजलगाव धरण सिंदफणेवर, येलदरी आणि सिद्धेश्वर दोन्ही पूर्णेवर, त्यात येलदरी वरच्या अंगाला, मांजरा धरण मांजरा नदीवर, विष्णुपुरी गोदावरीवर नांदेडजवळ, आणि इसापूर पैनगंगेवर, पण ती पैनगंगा थेट गोदावरीला मिळालेली दाखवायची नाही, कारण ती आधी वर्धेला मिळते.

मुलं सगळ्यात जास्त अडकली मांजरेत. ती बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावून पूर्वेकडं, मग आग्नेयेकडं जाते, कर्नाटक-तेलंगणातून वळसा घेऊन उत्तरेकडं फिरते आणि महाराष्ट्राच्या सीमेवर गोदावरीला मिळते. कागदावर ही शेवटची रेघ खालून वर जाते. बऱ्याच चार्टवर तिथं रबरानं खोडलेलं दिसत होतं : आधी बरोबर काढलेली वळणदार रेघ पुसून नदी सरळ उजवीकडं सोडून दिलेली. पाणी ‘वर’ कसं चढेल, असं पोरांना वाटलं असणार. नकाशातली वरची बाजू म्हणजे उत्तर, उंची नव्हे, हे वर्गात शिकवून झालेलं असतं. पेन हातात आलं की विसरतं. संगम माझ्या सूचीत नव्हता, त्यामुळं गुण कापले नाहीत. वर्णनात्मक नोंदीत मात्र लिहिलं.

नावांसाठी मी तीनच गोष्टी पाहिल्या. बाणाचं टोक नेमकं त्या जागेला टेकतं का, अक्षर लांबून वाचता येतं का, आणि उत्तर दिशा दाखवली आहे का. पट्टीशी ताडून पाहिलं तर काही चार्टवर अक्षर अर्धा सेंटिमीटरही नव्हतं. भिंतीवरच्या चार्टला ते वहीचं अक्षर झालं. पिवळ्या स्केचपेननं लिहिलेली नावं फोटोत जवळजवळ गायब होती, तेव्हा जवळून काढलेल्या फोटोत दिसली तर गुण धरले. एका मुलानं धरणाच्या भिंतीकडं बाण काढून ‘जायकवाडी’ आणि निळ्या पाण्यात ‘नाथसागर’ लिहिलं होतं. धरण आणि जलाशय वेगळं ओळखणारा तो एकटाच.

नीटनेटकेपणाचे तीन गुण मी पटकन उरकले. चार्ट भिंतीवर तिरका चिकटवलाय म्हणून गुण कापायचे नाहीत, एवढं फक्त पाळलं. चिकटवताना हात बहुधा शिक्षकाचाच असतो.

खरा वेळ गेला स्वनिर्मितीत, कारण ती फोटोत दिसत नाही. तीन चार्टवर माजलगाव धरण गोदावरीवरच होतं, आणि तिन्हींवर नदीचं नाव ‘सिंदफना’ असं लिहिलेलं. बरोबर उत्तरं सारखी येणारच, त्यावरून काही कळत नाही. चूक सारखी आली की मूळ एकच असतं. पण ते मूळ म्हणजे एकमेकांची नक्कल की फळ्यावरचीच चूक, हे विचारल्याशिवाय ठरवायचं नव्हतं. फोन केला तर कळलं, तिघांनी मिळून एकच तयार नकाशा समोर ठेवला होता. तिघांनाही स्वनिर्मितीत 4 पैकी 1. अचूकतेतला गुण तर आधीच गेला होता.

त्या तिघांतलाच एक चार्ट सगळ्यात देखणा होता. त्याची बेरीज अशी : अचूकता 5 (माजलगाव, पैनगंगा आणि येलदरी-सिद्धेश्वरचा क्रम चुकलेला), नावं 5, नीटनेटकेपणा 3, स्वनिर्मिती 1, म्हणजे 14. त्याच भिंतीवर एका मुलीचा चार्ट होता, रंग थोडे फासलेले. तिला अचूकता 7, फक्त पैनगंगा गोदावरीत सोडलेली; नावं 4, कारण उत्तर दिशा दाखवली नव्हती; नीटनेटकेपणा 2. पण खालच्या कोपऱ्यात तिनं गावातल्या विहिरीतलं पाणी काठापासून किती खाली आहे, याचं जूनपासूनचं महिनावार कोष्टक दिलं होतं. हे कुठल्या तयार चार्टवर छापून येत नाही. तरी खात्री म्हणून सरांना म्हटलं, तिला फोन द्या. विचारलं, “मोजलंस कसं गं?” ती म्हणाली, “बाई, दोराला गाठी मारल्यात, हात-हात अंतरावर. मग भैय्यानं टेपनं एक हात मोजला.” पुढं विचारलं, येलदरीचं सोडलेलं पाणी आधी कुठं येतं? “सिद्धेश्वरला.” स्वनिर्मिती 4, एकूण 17.

आमच्याच शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी हेच चार्ट स्वतंत्रपणे तपासले होते. अचूकतेत आमचे आकडे जवळपास जुळले. नीटनेटकेपणात जुळले नाहीत, आणि तिथं आम्ही वाद न घालता सरासरी घेतली. स्वनिर्मितीत त्यांनी त्या देखण्या चार्टला 3 दिले होते. तिन्ही चार्ट शेजारी-शेजारी उघडून दाखवल्यावर त्यांनी 1 केला.

गुणांबरोबर त्या शाळेला प्रत्येक चार्टची दोन ओळींची नोंद पाठवली, आकारिक मूल्यमापनाच्या वहीत उतरवायला सोपी पडेल अशी. केंद्राच्या पुढच्या सूचनेत आता एक ओळ वाढली आहे : माहिती कुठून घेतली आणि स्वतः काय मोजलं किंवा पाहिलं, ते विद्यार्थ्यानं चार्टच्या खालच्या कोपऱ्यात लिहावं, आणि त्या कोपऱ्याचा फोटो वेगळा पाठवावा.