बेरीज एक आली, तरी उत्तर चुकलं होतं

अहवाल दुपारी चारपर्यंत पाठवायचा होता. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या प्रकल्पाचं क्षेत्रकाम सांभाळणारे काका टेबलाशी आले, तेव्हा मी त्यांना शेवटचा आलेख दाखवला. एका औषधी झुडपाची संख्या टिकवायची तर कशावर भर द्यायचा, हा आमचा प्रश्न. आलेखात एकच खांब उंच होता: नवी रोपं, 97 टक्के. मोठ्या झुडपांच्या जगण्याचा खांब जवळजवळ दिसतच नव्हता.

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, रोपं पावसात चिकार उगवतात. पुढच्या पावसापर्यंत शंभरातली पाच राहतात. आणि मोठं झुडूप लोक मुळासकट उपटून नेतात, त्याचं यात काहीच नाही?"

मी म्हटलं, तपासून सांगते. खरं तर मला खात्री होती, कारण नेहमीची तपासणी मी केलेली होती आणि ती चोख उतरली होती.

आमचं मॉडेल साधं होतं. झुडपाच्या तीन अवस्था: रोप, तरुण झुडूप, फळणारं झुडूप. इथे सोपे केलेले आकडे देते. एक फळणारं झुडूप वर्षाला 20 रोपं देतं. रोपांपैकी 5 टक्के तरुण अवस्थेत जातात. तरुणांपैकी 70 टक्के तसेच राहतात, 3 टक्के फळायला लागतात. फळणाऱ्यांपैकी 90 टक्के पुढच्या वर्षी जिवंत असतात. मॅट्रिक्स असं:

```
A = [[0,    0,    20 ],
     [0.05, 0.7,  0  ],
     [0,    0.03, 0.9]]
```

स्तंभ म्हणजे 'कुठून', ओळ म्हणजे 'कुठे'. संख्या दरवर्षी किती पटीने बदलते ते सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू λ सांगते. इथे ती नेमकी 1 येते, म्हणजे संख्या जेमतेम टिकून आहे. तिचा उजवा आयगेनव्हेक्टर, ज्यासाठी Aw = λw, तो w = (60, 10, 3). काही वर्षांनी रानात तिन्ही अवस्था याच प्रमाणात दिसतात: रोपं सगळ्यात जास्त, फळणारी मोजकी.

आता मॅट्रिक्समधला एखादा आकडा 1 टक्का वाढवला तर λ किती टक्के वाढेल? याला लवचीकता म्हणतात आणि सगळ्या आकड्यांच्या लवचीकतांची बेरीज 1 यावी लागते. माझी आली होती, म्हणून मी निर्धास्त होते.

काका गेल्यावर मी सूत्रं बाजूला ठेवली आणि सरळ आकडा बदलून पाहिला. मोठ्या झुडपांचं जगणं 0.90 चं 0.91 केलं आणि λ पुन्हा काढली. माझ्या तक्त्याप्रमाणे ती 1.00002 यायला हवी होती. आली 1.0070. मग 20 रोपांची 22 केली. तक्ता सांगत होता 1.097, प्रत्यक्षात 1.0068. म्हणजे एकीकडे परिणाम शेकडो पट कमी दाखवला होता आणि दुसरीकडे चौदा पट जास्त. हात गार पडले.

चूक एका ओळीत होती. i ओळीतला, j स्तंभातला आकडा किंचित बदलला तर λ किती बदलते, ती तिची संवेदनशीलता; तिला त्या आकड्याने गुणून λ ने भागलं की लवचीकता मिळते. ही संवेदनशीलता vᵢwⱼ / (v·w) अशी काढतात आणि यातला v हा डावा आयगेनव्हेक्टर असतो, ज्यासाठी vᵀA = λvᵀ. मी v च्या जागीही w च घातला होता. माझी आधीची सगळी वर्षं कोव्हेरियन्स मॅट्रिक्सवर गेली. ते सममित असतात, तिथे A आणि Aᵀ एकच, म्हणून डावा आणि उजवा व्हेक्टरही एकच. हाताला सवय तीच राहिली.

इथे डावा व्हेक्टर काढला तर v = (1, 20, 200) येतो. उजव्याच्या अगदी उलटा चढ. w सांगतो कोण किती आहेत. v सांगतो पुढच्या पिढ्यांसाठी एकेकाची किंमत किती. आर. ए. फिशर यांनी 1930 मध्ये मांडलेलं प्रजननमूल्य ते हेच. एक फळणारं झुडूप 200 रोपांच्या बरोबरीचं.

या सूत्रात v च का लागतो, ते मी त्या दिवशी कागदावर पुन्हा मांडलं. A थोडा बदलला की λ बदलते आणि w ही बदलतो. पहिल्या पायरीचं समीकरण असं:

A·dw + dA·w = λ·dw + dλ·w

आपल्याला dλ हवी आहे, पण मध्ये अनोळखी dw येतो. दोन्ही बाजूंना डावीकडून vᵀ ने गुणलं की vᵀA·dw चं λvᵀ·dw होतं आणि dw दोन्हीकडून कटतो. उरतं dλ = vᵀ·dA·w / (v·w). wᵀ ने गुणलं तर dw कटत नाही, तो तसाच राहतो. मी तो नकळत सोडून दिला होता.

मग बेरीज 1 कशी आली? सगळ्या लवचीकतांची बेरीज म्हणजे vᵀAw / (λ·v·w). यात Aw च्या जागी λw घातलं की वर-खाली सगळं कटून 1 उरतं, मग v च्या जागी काहीही असो. फक्त v·w शून्य नको. म्हणजे या तपासणीला v दिसतच नाही. ती केवळ w बरोबर आहे एवढंच सांगते. इतकी वर्षं मी तिच्यावर भिस्त ठेवली होती, याचं मला फार वाईट वाटलं.

बरोबर हिशेब केला. v·w = 60 + 200 + 600 = 860. मोठ्या झुडपांच्या जगण्याची लवचीकता 0.9 × 200 × 3 / 860, म्हणजे सुमारे 63 टक्के. तरुणांच्या टिकून राहण्याची 16. रोपांची निर्मिती फक्त 7, आणि एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जाण्याच्या दोन्ही पायऱ्यांचीही प्रत्येकी 7.

दुरुस्ती करताना आणखी एक खड्डा समोर आला. `np.linalg.eig` ला A आणि `A.T` वेगवेगळे दिले तर आयगेनव्हॅल्यू दोन्हीकडे त्याच येतात, पण क्रम तोच असेल याची हमी नसते. एका λ चा w आणि दुसऱ्या λ चा v अशी जोडी लागली तर v·w शून्य येतो, कारण वेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे डावे आणि उजवे व्हेक्टर एकमेकांना लंब असतात. उजवे आपापसात लंब असतीलच असं नाही. सममित मॅट्रिक्सची सवय असलेल्यांनी हे खास लक्षात ठेवावं. म्हणून मी क्रमाचा प्रश्नच काढून टाकला:

```
lam, W = np.linalg.eig(A)
k = np.argmax(lam.real)
w = W[:, k].real
v = np.linalg.inv(W)[k, :].real
S = np.outer(v, w)
```

W च्या व्यस्त मॅट्रिक्सच्या ओळी म्हणजेच डावे व्हेक्टर, त्याच क्रमात आणि v·w = 1 होईल असे मापलेले. आयगेनव्हेक्टर एकमेकांच्या फार जवळ आले तर ही युक्ती ढासळते. पण तेव्हा मुळात λ च नाजूक झालेली असते, आणि संवेदनशीलतेच्या आकड्यांवर फार लांबचा अंदाज बांधता येत नाही.

तीनच्या सुमारास काकांना बोलावलं. सूत्र दाखवलं नाही. मॅट्रिक्स दोनदा चालवलं: एकदा फक्त 200 रोपं घेऊन, एकदा फक्त एक फळणारं झुडूप घेऊन. पहिल्या वर्षी 200 रोपांची 10 तरुण झुडपं झाली, आणि एका झुडपाची 20 रोपं. पुढे आकडे जवळ येत गेले. तिसाव्या वर्षी दोन्हीकडे 13.95 रोपं, 2.33 तरुण, 0.70 फळणारी.

काका म्हणाले, "म्हणजे एक उपटलं तर दोनशे लावायची."

"हो," मी म्हटलं, "आणि तीही रानात आपसूक उगवतात तशीच जगतील असं धरून."

अहवाल साडेपाचला गेला. त्यात उपटणी थांबवण्याची शिफारस पहिली होती, आणि तक्त्याखाली λ प्रत्यक्ष बदलून पाहिलेले दोन आकडे जोडले होते.